चौदा आणे नाव

एक मेसेज फॉरवर्ड होत होत माझ्यापर्यंत पोचला. कोणीतरी ताई, मी त्यांना नावाने ओळखत नाही, पण कोथरूडला एका घरी आमच्या बोर्ड गेमचा प्रोटोटाइप घेऊन गेलो होतो तेव्हा त्या टेबलावर असणार. मेसेज असा होता की कुणाला तो आंब्याचा गेम माहितीये का, रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा असतो तो, नाव काहीतरी आणे होतं, भाच्याच्या वाढदिवसाला द्यायचाय, खूप शोधला पण सापडतच नाहीये. खाली कुणीतरी अंगठा दिलेला, अजून कुणीतरी "सोळा आणे का?" असं विचारलेलं, आणि तिसऱ्याने ऑनलाइन मिळणाऱ्या एका भलत्याच आंब्याच्या लाकडी पझलची लिंक टाकलेली. मी पहिल्यांदा खूश झालो, म्हणजे बाई विकत घ्यायला निघाल्यात आणि गेम तर अजून छापलेलाही नाही. मग हळूहळू ते आत रुतत गेलं. त्यांना रुमाल आठवत होता, बोटं आठवत होती, आंबा आठवत होता, पैसे खर्च करायची तयारी होती. नेमकं जे आठवायला हवं तेवढंच गळून पडलं होतं.

गेमबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा स्टुडिओ म्हणजे मी, माझा पार्टनर आणि चित्रं काढणारी एक मैत्रीण, बस. गेममध्ये प्रत्येक जण कोकणातला बागायतदार. झाडावर आंबा चढत जातो, म्हणजे त्याचे आणे वाढत जातात, आणि कधी उतरवायचा हे तुम्ही ठरवायचं. लवकर उतरवला तर भाव चढा असतो पण आंबा सुरकुततो आणि आंबट राहतो, फार वाट बघितली तर आतला गर खराब होऊन साका निघतो. उतरवलेला आंबा आढीत घालायचा, पेट्या भरायच्या, ट्रकने वाशीला पाठवायच्या आणि तिथे दलालाशी रुमालाखाली हात धरून सौदा. बाकीच्यांना तुमचा आकडा दिसत नाही, फक्त दोघांचे चेहरे दिसतात. जसजसा हंगाम पुढे सरकतो तसा कर्नाटकचा माल यायला लागतो, मग वळवाच्या पावसाचं कार्ड, आणि भाव धाडकन खाली. पाऊण तासात संपतो. लोक हसतात, भांडतात, रुमालाखाली जरा जास्तच जोरात बोटं दाबतात.

आणि नाव होतं "चौदा आणे".

हे नाव मला देवगडच्या मामामुळे मिळालं होतं. आंबा झाडावर सोळा आणे पिकू द्यायचा नाही, चौदा आणे झाला की उतरवायचा आणि उरलेले दोन आणे आढीत गवताच्या उबेत पुरे होऊ द्यायचे. लहानपणी सुट्टीत मामा देठाजवळचा खड्डा आणि खांद्याचा फुगवटा दाखवून सांगायचा, हा बारा, हा चौदा, आणि मला दोन्ही सारखेच दिसायचे. माझ्यासाठी अख्खा गेम त्या दोन आण्यांत होता. नाव सुचलं त्या दिवशी मी मामाला फोन केला, तर तो म्हणाला, "मेल्या, चौदा आणे म्हणजे काय ता पुण्यातल्या पोरांका कळतला काय?" मला वाटलं, नाही कळलं तर विचारतील, विचारलं की सांगायचं, त्यातच तर मजा आहे. टेबलावर हे अगदी बरोबरही होतं. मी नाव सांगायचो, लोक भुवया उंचावायचे, मी आण्यांचं सांगायचो आणि सगळ्यांचे चेहरे उजळायचे. पण ते चेहरे मी समोर असताना उजळायचे. खोक्याबरोबर मी येणार नाही, आणि तीन दिवसांनी कुणी फोन हातात घेऊन शोधायला बसेल तेव्हा तर नाहीच नाही.

मेसेज आला त्या रात्री मी पार्टनरला म्हणालो, तू एकदा रोमनमध्ये टाइप करून बघ ना. आपण सगळे मराठीत बोलतो पण सर्चमध्ये निम्म्याहून जास्त लोक रोमनच ठोकतात, कीबोर्ड बदलायचा कंटाळा, दुसरं काय. त्याने chauda aane लिहिलं. मी chavda ane लिहिलं असतं. मैत्रिणीने chaudaa anne लिहिलं, आणि ऑटोकरेक्टने त्याची एक अ‍ॅन नावाची बाई केली. मग पार्टनरच्या भावाने घाईघाईत पहिला a गाळून टाइप केलं आणि जे उमटलं ते हिंदी येणाऱ्या कुठल्याही माणसाने वाचलं की काय वाचेल हे मी इथे लिहीत नाही. त्याने सर्चचं बटण दाबायच्या आत मी फोन काढून घेतला. लहान मुलांसकट घरात खेळायचा गेम, आणि एक अक्षर घसरलं की हे. त्यावर कितीही प्रेम असलं तरी त्या क्षणाला नाव माझ्या हातातून सुटलं होतं, हे कळलं, मान्य करायला मात्र अजून काही दिवस गेले.

नंतर मी बाकीच्या गेमांची नावं वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आधी मला वाटायचं की सर्चमध्ये सापडणं म्हणजे जगातलं एकमेव नाव असणं. तसं नसतं. अझूल म्हणजे स्पॅनिशमध्ये निळा, त्या नावाची ब्राझीलमध्ये एक विमान कंपनीसुद्धा आहे, तरी तो २०१७ चा गेम मजेत चालतो, कारण लोक पुढे "बोर्ड गेम" जोडतात आणि मग तोच एक सापडतो. कारकासोन हे तर फ्रान्समधल्या खऱ्या गावाचं नाव, स्पेलिंग मला आजही बघून लिहावं लागतं, आणि २००० सालापासून त्याचं काही बिघडलेलं नाही. पण तो काळही वेगळा होता, आणि हातात भक्कम प्रकाशक असेल, दुकानाच्या फळीवर खोका दिसत असेल तर नाव थोडं आळशी असलेलं चालून जातं. आमच्यासारख्यांचा खोका कुठल्याच फळीवर नसतो. आमचा अख्खा धंदा एकाने दुसऱ्याला तोंडी सांगणं आणि दुसऱ्याने घरी जाऊन टाइप करणं यावर. दुसरीकडे पॅन्डेमिक, २००८ चा गेम, तेव्हा नाव किती नेमकं आणि मोकळं होतं, आणि २०२० मध्ये त्या शब्दावर अख्खं जग येऊन बसलं. त्याला कोण काय करणार. आणि "गो", हजारो वर्षांचा खेळ, पण त्या दोन अक्षरांनी शोधायला गेलात तर काय काय येईल सांगता येत नाही, इतकं की त्याच नावाच्या प्रोग्रामिंग भाषेवाले शोधताना मुद्दाम golang लिहितात. कॅटनचं मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं. १९९५ मध्ये जर्मनीत तो "कॅटनचे वसाहतवाले" अशा अर्थाच्या लांब नावाने आला, आणि वीस वर्षांनी २०१५ मध्ये त्यांनी पुढचं सगळं छाटून नुसतं कॅटन ठेवलं. लोक तसंही तेवढंच म्हणत होते. "वसाहतवाले" हा शब्द गेमात काय करायचं ते सांगत होता, "कॅटन" काहीच सांगत नव्हता, पण बनवलेला होता, छोटा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. राहिला तो.

मग आमची नावांची यादी सुरू झाली, आणि तिच्यात मी कल्पना केली नव्हती अशा ठिकाणी आपटलो. पहिलं अर्थातच "हापूस". याहून ओळखीचा शब्द कुठला, असं वाटून hapus game असं शोधलं, तर पानच्या पान इंडोनेशियन भाषेतलं, फोनमधून गेम कसा उडवायचा, खातं कसं बंद करायचं. तिकडे hapus म्हणजे पुसून टाकणे, डिलीट. म्हणजे कोट्यवधी लोक रोज तो शब्द टाइप करतायत आणि त्यातल्या एकालाही आंबा नकोय. हे सापडल्यावर आम्ही इतके हसलो की मैत्रिणीने पावसाच्या कार्डाचंच नाव काही दिवस "हापूस हापूस" ठेवलं होतं. शिवाय आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी दुसरी गोष्ट काढली. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. ते आंब्यासाठी आहे, खेळाला आडवं येईलच असं नाही, पण त्या म्हणाल्या, "हरकत निघाली तर उत्तरं देत बसायला तुमच्याकडे वेळ आहे का? नावात नका घेऊ, आत गोष्टीत कितीही हापूस खा."

मग "झेला". आंबा उतरवायची काठी, टोकाला जाळी, मला शब्द म्हणून फार आवडतो, झपकन वर जाऊन अलगद खाली येणारा. पण zela लिहिलं की थेट रोमन इतिहास, इसवी सनापूर्वी ४७ मध्ये सीझरने जिथे लढाई जिंकली ते झेला. jhela लिहिलं की हिंदीवाले समजणार आम्ही काहीतरी सोसलंय. आणि zhela लिहिणारेही निघाले. आपला झ रोमनमध्ये कसा लिहायचा याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं आहे, त्यामुळे ज्या नावात झ, ळ, ण किंवा दोन्हीकडून वाचता येणारा च आहे ते नाव तिथेच अर्धं सांडतं. "आढी"चं तेच, aadhi लिहिलं की उत्तरेकडचा माणूस "अर्धी" वाचतो. "रुमाल" तर शोधून बघायचीसुद्धा गरज नव्हती, डझनात मिळतात. "पहिली पेटी" मात्र मला बरेच दिवस सोडवेना. वर्तमानपत्रात दरवर्षी बातमी येते ना, वाशी मार्केटमध्ये हापूसची पहिली पेटी दाखल, अमुक भाव मिळाला, फोटोत हार घातलेली पेटी. त्यातला तो उत्साह आयता मिळत होता. पण तीच अडचण. जानेवारी ते मे, म्हणजे नेमका ज्या दिवसांत आमचा गेम विकला जाईल त्या दिवसांत, ते दोन शब्द बातम्यांनी भरून वाहतात, आणि रोमनमध्ये pahili चं फोन paheli करतो, मग कोडी येतात.

इथपर्यंत आम्ही नुसतेच आपापसात टाइप करत बसलो होतो. मग पार्टनरने एक साधी पद्धत काढली आणि मला वाटतं सगळ्यात जास्त तिचाच उपयोग झाला. प्रोटोटाइप खेळायला येणाऱ्या प्रत्येक टेबलाला आम्ही वेगळं नाव सांगायचो. एकदाच, सुरुवातीला, पंखा चालू, चहा येतोय, कोणी कार्डं पिसतंय, अशा गोंगाटात. खोक्यावर काही लिहिलेलं नाही, नियमाच्या कागदावरही नाही. मग चार-पाच दिवसांनी त्यांना मेसेज, की त्या दिवशीच्या गेमचं नाव काय होतं, कुणाला न विचारता आठवेल तसं इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवा. मराठी अक्षरांत नाही, मुद्दाम. उत्तरांत तीन गोष्टी बघायच्या. नाव आठवलं का, आठवलं तर किती वेगवेगळ्या स्पेलिंगांनी आलं, आणि त्यातलं सगळ्यात वाकडं स्पेलिंग जसंच्या तसं पुढे board game लावून शोधलं तर काय निघतं. "मोहोर" लोकांना छान आठवलं पण mohor, mohar, mohur, mohr असं सगळीकडे विखुरलं, आणि त्यावर त्या नावाची बंगाली मालिका बसलेली. "वाशी" सगळ्यांना आठवलं आणि सगळ्यांनी एकसारखंच लिहिलं, पण त्याने निघाले ते फ्लॅट.

दुसरा प्रश्न मी घुसवला होता, त्या कोथरूडच्या ताईंमुळेच. नाव आठवत नसेल तर गेम शोधायला काय टाइप कराल? मला वाटलं होतं लोक रुमाल लिहितील, बोटं लिहितील, कारण खेळताना सगळ्यात जास्त दंगा त्याचाच असतो. जवळजवळ कुणीच लिहिलं नाही. mango board game, aamba game, mango market game, mango selling game, एका काकांनी नुसतंच konkan game marathi. म्हणजे आम्ही स्वतःच्या गेमला ज्या शब्दांनी ओळखतो, सौदा, आढी, आणे, ते विसरलेल्या माणसाच्या डोक्यात नसतातच. त्याच्या डोक्यात वस्तू असते आणि जागा असते. आंबा, मार्केट. त्यातून मला एक गोष्ट कळली आणि नावावरचा अर्धा भार उतरला, की आपण एकाच शब्दाकडून दोन कामं मागतोय. ज्याला नाव आठवतंय त्याच्यासाठी नाव वेगळं, छोटं आणि एकाच प्रकारे लिहिता येणारं हवं. ज्याला आठवत नाहीये त्याच्यासाठी नावाखालची ओळ हवी, आणि ती आपल्या लाडक्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत हवी. त्यामुळे "आंबा बाजार" वगैरे जी सरळ वर्णनाची नावं होती ती यादीतून सरळ खालच्या ओळीत गेली. नाव म्हणून ती तशीही दुबळीच होती, उद्या अजून कुणी आंब्याचा गेम काढला तर त्याला तो शब्द वापरू नको असं कुठल्या तोंडाने म्हणणार.

"पेटीगिरी" मैत्रिणीने काढलं, आणि खरं तर चिडून काढलं. मी आणि पार्टनर पेटी या शब्दावरून वाद घालत होतो. नुसतं peti लिहिलं की हार्मोनियम येते, मुंबईच्या भाषेत एक पेटी म्हणजे एक लाख, हे चांगलं की वाईट असं चाललं होतं, तर ती म्हणाली, "काय पेटीगिरी लावलीये रे दोघांनी!" दोन सेकंद कोणीच बोललं नाही. त्यात रत्नागिरी ऐकू येते आणि दादागिरीसुद्धा, आणि गेममध्ये माणसं जे करतात ते बरोबर त्या दोघांच्या मध्येच कुठेतरी आहे. तरी मला लगेच आवडलं नाही हे नोंदवून ठेवतो. चौदा आण्यांत मामाची बाग होती, याच्यात थोडा टपोरीपणा होता. पण चाचणी केली तर नाव परत आलं, आणि मुख्य म्हणजे petigiri असंच परत आलं. कोणी मध्ये जागा सोडली, कोणी दोन t लिहिले, कोणी शेवटी ee लावले, पण सगळ्यांना सर्चने एकाच ठिकाणी नेलं असतं, कारण त्या आसपास दुसरं काही नव्हतंच. प, ट, ग, र, यात रोमनला घसरायला जागा फार कमी आहे. ट आणि त चा घोळ होतो, पण तो वाचताना होतो, लिहिताना नाही, दोघांनाही t च लागतो. महाराष्ट्राबाहेरचा माणूस ते "पेतीगिरी" वाचेल, वाचू दे. इन्स्टाचं हँडल आणि डोमेन जोडून लिहिलं तरी भलताच शब्द तयार होत नाही, हेही वाचून बघावं लागतं बरं का, जागा काढल्या की काही नावं फार विचित्र दिसतात.

खोट मात्र निघालीच. बोलून शोधणारे लोक वाढलेत, आमची आई आता टाइप करतच नाही, फोनलाच विचारते. तिला म्हटलं, आई, जरा विचार बघू पेटीगिरी. तिने अगदी स्पष्ट, शिक्षिकेच्या आवाजात विचारलं आणि फोनने कुणा प्रीती गिरी बाईंना शोधून आणलं. तिने परत विचारलं, परत प्रीती गिरी. "पेटीगिरी गेम" म्हटल्यावर मात्र बरोबर लिहिलं. म्हणून आम्ही तोंडी सांगताना नेहमी "पेटीगिरी गेम" असंच म्हणायचं ठरवलं, म्हणजे ऐकणाराही तेच जोडून म्हणेल. आणि खोक्याचं डिझाइन छपाईवाल्याकडून प्रूफ होऊन आलं त्यात मोठ्या ठसठशीत अक्षरांत "पेटीगरिी". त्यांच्या सॉफ्टवेअरने गि ची वेलांटी उचलून पुढच्या र च्या आधी नेऊन ठेवली होती. देवनागरी नाव असेल तर फाइल पाठवताना अक्षरांचं आऊटलाइन करून, म्हणजे मजकुराऐवजी चित्र करून पाठवायची, आणि तरीही प्रूफ अक्षर अक्षर वाचायचं, ओळखीचा शब्द डोळा आपोआप दुरुस्त करून वाचतो. आमच्या पार्टनरने तर पहिल्यांदा ते प्रूफ पास केलं होतं, असो.

ट्रेडमार्कचं थोडक्यात सांगतो, कारण लोक याला एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात बघत नाहीत. खेळ आणि खेळणी यांचा वर्ग २८. सरकारी साइटवर कुणालाही फुकट शोधता येतं, आणि तिथे नुसता अचूक शब्द शोधून थांबायचं नाही, उच्चाराने जुळणारी नावं शोधायचा वेगळा पर्याय आहे तो लावायचा, कारण तपासणारा अधिकारीही स्पेलिंगपेक्षा कानाला काय वाटतं हे बघतो. पुढे मोबाइल गेम करायचा विचार असेल तर वर्ग ९ सुद्धा बघून ठेवायचा. एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्या कंपन्यांना ९,०००. अर्ज केला की नावापुढे TM लावता येतं, पण गोलातला R नोंदणी होईपर्यंत लावायचा नाही. मध्ये तपासणी, मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग कुणाला विरोध करायचा असेल तर चार महिने. इथे बनवलेल्या नावाचा फायदा वकीलबाईंच्या चेहऱ्यावरच दिसला. "पहिली पेटी"ची यादी ऐकताना त्या कपाळावर बोट ठेवून बसल्या होत्या.

राहिली टॅगलाइन. याच्यावर आमची खरी भांडणं झाली. सगळ्यांना टॅगलाइन सुंदर हवी असते आणि तिथेच वाट लागते. "कोकणची चव, तुमच्या टेबलावर" हे वाचून मैत्रीण म्हणाली थाळी केवढ्याला आहे. "हंगाम तुमचा, डाव तुमचा" हे कुठल्याही बँकेच्या जाहिरातीत जाईल. मी लिहिलेली एक होती, "थांबला तो पिकला", मला अजूनही ती वाईट वाटत नाही, पण तिच्यावरून हा गेम आहे की आयुर्वेदिक औषध हे कळत नाही हा आक्षेप बरोबर होता. मग मी ट्वायलाइट स्ट्रगलचा खोका काढून समोर ठेवला. नाव धूसर, संधिप्रकाशातली झुंज वगैरे, आणि खाली कोरडी ओळ, शीतयुद्ध, १९४५ ते १९८९. एक विशेषण नाही. आणि तरी तुम्ही कोण, कुठे, कधी, सगळं कळतं. आम्ही त्यावरून ठरवलं की ओळीत खेळणाऱ्याने करायचं काम पाहिजे आणि त्याला कशाची घाई आहे ते पाहिजे, बाकी काही नको. त्यातून आलं, "आंबा वाशीला पोचवा, भाव पडायच्या आत." पार्टनर म्हणाला यात "चविष्ट" नाही, "मजेदार" नाही, "कुटुंबासाठी" नाही. म्हटलं, नाहीच आहे. ही ओळ मी अनोळखी माणसाला वाचून दाखवली की तो लगेच विचारतो, का पडतो भाव? तो प्रश्न आला की त्याला पेट्या हातात द्यायच्या.

ती ओळ खोक्यासाठी. ऑनलाइन यादीत मात्र नावाखाली ती टाकायची नाही, तिथे वाचणारा अजून आलेलाच नसतो, तो शोधतोय. तिथे आम्ही त्या मेसेजांमधल्या उत्तरांतून आलेले शब्दच ठेवले, Petigiri – Mango Market Board Game, आणि पहिल्या वाक्यात देवनागरीत पेटीगिरी, आंबा, कोकण, मराठी बोर्ड गेम हे एकेकदा येतील असं साधं वाक्य. पाच-पाच वेळा कोंबायचं नाही, ते वाचणाऱ्यालाही कळतं. आणि रोमन स्पेलिंग एकदा ठरवलं की सगळीकडे तेच, खोका, नियमपुस्तिका, पोस्ट, बिलसुद्धा. मैत्रिणीची सवय Peteegiri लिहायची, ती अजून अधूनमधून लिहिते, मी अधूनमधून ओरडतो.

"चौदा आणे" गेलं नाही. बागेच्या पटावर जिथे आंबा उतरवायची सगळ्यात चांगली जागा आहे त्या घरावर तेच लिहिलंय, आणि तिथे सोंगटी पोचली की सगळं टेबल "चौदा आणे!" असं ओरडतं. नियमात ओरडायला सांगितलेलं नाही. मामाला प्रोटोटाइप पाठवला, त्याने नावाबद्दल एक अक्षर काढलं नाही, साक्याची कार्डं कमी आहेत एवढंच म्हणाला, यंदाच्या हवेत एवढ्याने भागत नाही. वाढवलीत.

आता छपाई चालू आहे आणि पार्टनरला पुढच्या गेमचे डोहाळे लागलेत. काल रात्री साडेअकराला मेसेज, "विषय पण तयार आहे आणि नाव पण. काजू!" मी उत्तर द्यायच्या आधी kaju board game शोधलं आणि काजूकतलीच्या रेसिपीचा स्क्रीनशॉट पाठवून दिला. त्याने लिहिलं, "मग बोंडू?" मी तोही टाइप करायला घेतला, bondu, bonduu, bondoo.